व्हिडिओत तुकोबा आले, बचनाग मात्र बाहेरच राहिला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सकाळच्या घाईत वाचू नका, रात्री जेवणं उरकल्यावर निवांत वाचा. आधीच सांगतो, यात चूक माझी आहे, त्यामुळं कुणाला नावं ठेवायचा प्रश्नच नाही.

महिनाभरापूर्वी आपल्याकडच्या एका भरती अकॅडमीच्या सरांनी मला एक काम सांगितलं. रोज पहाटे साडेपाचला पोरांच्या ग्रुपवर टाकायला एक मिनिटाचा व्हिडिओ हवा होता. मागं उगवता सूर्य, मैदानावर धावणारी पोरं, आणि वर माझा आवाज. "तुमचा आवाज भारदस्त आहे, संतांचं एखादं वचन घ्या, पोरं पेटली पाहिजेत," असं सर म्हणाले. मी घेतलं ते सगळ्यांना माहीत असलेलं, तुकोबांचं. जे होणार नाही असं वाटतं ते कष्टानं होतं आणि त्याचं कारण अभ्यास, अशा अर्थाची ती ओळ. तुमच्याही शाळेच्या भिंतीवर ती होती, त्यामुळं पुन्हा लिहीत नाही. तिच्या पुढं मी माझं जोडलं : झोप सोडा, अठरा तास द्या, शरीर नाही म्हणेल तिथून खरी सुरुवात होते, वगैरे. शेवटाला एका फॉरवर्डमधून उचललेली आणखी एक ओळ टाकली. तिच्यात ध्येय होतं, यशाचं शिखर होतं आणि "तुका म्हणे"सुद्धा होतं. व्हिडिओ बऱ्यापैकी फिरला. दोन दिवस मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आमच्या भागातले एक जुने कीर्तनकार आहेत, वय सत्तरीच्या पुढं, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा म्हणाले, "व्हिडिओ बघितला. आवाज चांगलाय. पण बाबा, बचनाग कुठं गेला?"

मला कळेना. "कसला बचनाग, आबा?"

"तुझ्या ओळीच्या आधी जो आहे तो. आणि साप? सापही दिसला नाही. दुसऱ्या मजल्यावर उभा राहून पहिला मजला पाडलास की रे." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. बाजारात एक ओळखीचे टेम्पोवाले भेटले. त्यांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, वय चोवीस, ही तिसरी भरती. ते म्हणाले, "साहेब, तुमचा व्हिडिओ रोज दाखवतो त्याला. पण आता पोरगं घरीच बसलंय. नडगीचं हाड चिरलंय म्हणतात." पोरगं आधी तीन-चार किलोमीटर पळायचं. मग एकदम रोज दहा, तेही डांबरी रस्त्यावर, जुन्या बुटात. नडगी दुखायला लागली तरी थांबलं नाही, कारण शरीर नाही म्हणेल तिथून खरी सुरुवात होते ना! डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. माझ्या व्हिडिओमुळंच हाड चिरलं असं मी म्हणत नाही. पण ते वाक्य माझ्याच आवाजात होतं, हे खरं.

म्हणून मग बसलो आणि मुळापासून शोधलं. काय सापडलं ते सांगतो.

पहिली अडचण म्हणजे गाथेत ही ओळ सापडतच नाही. घरातला गाथा काढला, मागची सूची उघडली, "अ" अक्षराखाली बोट फिरवलं. नाही. क्षणभर वाटलं, हीसुद्धा फॉरवर्डमधलीच निघते की काय! मग लक्षात आलं की गाथेची सूची अभंगाच्या पहिल्या शब्दावरून लावलेली असते आणि आपली ओळ ही अभंगाची शेवटची ओळ आहे. तो अभंग सुरू होतो तो "साधूनी" या शब्दानं. म्हणून शोधायचं "स"खाली. हे एवढं सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं संतांची जी वचनं भिंतीवर आणि मोबाइलवर फिरतात, त्यांतली पुष्कळशी अभंगाच्या शेवटातली असतात. शेवटाला संताचं नाव येतं, निष्कर्ष येतो, त्यामुळं ती तोडून घ्यायला सोपी. पण निष्कर्ष कशावरून काढला ते वरच्या ओळींत राहतं.

आणि वरच्या दोन ओळींत काय आहे? आबा म्हणाले तेच. पहिल्या ओळीत अशी माणसं आहेत जी बचनाग अंगी साधून तोळा तोळा खातात, आणि दुसऱ्यांना ते डोळ्यांनी बघवतही नाही. दुसऱ्या ओळीत अशी माणसं आहेत जी साधना करून भुजंग हातात धरतात, आणि बाकीचे नुसतं बघून कापतात. मग तिसरी ओळ, आपली भिंतीवरची. अभंग एवढाच. तीन ओळी. त्यात झोप सोडा नाही, पेटून उठा नाही. विष आहे आणि साप आहे.

आता बचनाग म्हणजे काय ते बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. बचनाग हे हिमालयाकडच्या एका झाडाचं मूळ. संस्कृतात वत्सनाभ. आपल्या काही भागांत कळलावीलाही बचनाग म्हणतात, तीही विषारीच. पण वैद्याच्या फडताळातला बचनाग म्हणजे हिमालयातलं मूळ. त्याचं विष मज्जातंतूंवर आणि हृदयावर चालतं. आधी जीभ आणि ओठ मुंग्या येऊन बधिर होतात, मग उलट्या, मग हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर नेमका उतारा असा आजही नाही. कच्च्या मुळाचा एखाद-दुसरा ग्रॅमसुद्धा जिवावर बेतू शकतो. आणि तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. तुकोबा घरचे वाणी, दुकानात तागडी धरलेला माणूस. तोळा किती हे त्यांना चांगलं माहीत. त्यांनी अचंबा वाटावा असंच माप मुद्दाम धरलंय.

हेच मूळ औषधातही येतं. आपल्याकडं तापावर देतात त्या त्रिभुवनकीर्तीतही बचनाग असतो. पण तो तसाच घालत नाहीत. वैद्य आधी त्याचं शोधन करतात : बारीक तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात भिजवायचे, रोज गोमूत्र बदलायचं, मग उन्हात वाळवायचे. त्यानं विषाचा जोर उतरतो. आणि तरीही तो अगदी थोड्या मात्रेतच घालतात. (हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नका. तुकोबा दृष्टान्त देतायत, कृती सांगत नाहीत.)

म्हणजे विषाशी ज्याचं काम पडतं तो माणूस घाई करत नाही. मात्रा ठरवतो. गारुड्याचंही तसंच. नाग हातात धरणारा पहिल्या दिवशी फण्याला हात घालत नाही. नाग कधी चिडतो, किती लांब झेपावतो, मान कुठं धरायची, हे वर्षानुवर्षं बघून त्याच्या हाताला कळतं. त्याच्या अंगात विष उतरणार नाही असं काही झालेलं नसतं. चुकला तर त्यालाही डसणारच. त्याला साधलेली असते ती फक्त रीत.

आता त्या तीन ओळींतले शब्द बघा. पहिल्या ओळीत साधून, दुसऱ्या ओळीत साधून, तिसरीत साध्य आणि असाध्य. सगळे एकाच घरचे शब्द. तुकोबा "साध" हा धागा वरून खाली ओवत आणतात आणि शेवटी गाठ मारतात ती अभ्यास या शब्दाची. साधणं म्हणजे थोडं थोडं करून अंगी मुरवणं. बचनाग एकदम तोळाभर खाल्ला तर माणूस मरतो. मी व्हिडिओत नेमकं तेच सांगितलं होतं : एकदम तोळाभर खा.

दुसरा घोटाळा अभ्यास या शब्दाचा. आज आपण अभ्यास म्हटलं की पुस्तक, वही, गाईड, फार तर टेस्ट सिरीज. "पोरगं अभ्यासाला बसलंय." तुकोबांच्या काळात या शब्दात पुस्तक नव्हतं असं नाही, पण त्याचा मूळ अर्थ होता पुन्हा पुन्हा करणं, सराव. गीतेत अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. तेव्हा सहाव्या अध्यायात कृष्ण दोन उपाय सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. तिथं अभ्यास म्हणजे पळणाऱ्या मनाला पुन्हा पुन्हा आणून जागेवर बसवणं. संतांच्या तोंडी हा शब्द येतो तो बहुतेक वेळा त्या अर्थानं.

आणि आता खरी गंमत. मी हे सगळं शोधून आबांकडं गेलो. म्हटलं, "बचनाग सापडला." ते हसले. म्हणाले, "तो त्याच्या दुकानातला नव्हे. तो आळंदीहून आणलेला आहे." आणि ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय माझ्यापुढं ठेवला.

बाराव्या अध्यायात गीतेचा नववा श्लोक अभ्यासाचा आहे. त्यावर ज्ञानोबा माउली दृष्टान्त देतात : अभ्यासाच्या बळावर कुणी आकाशातून चालतं, कुणी वाघ आणि साप यांना निवळ करून टाकतं, विष पचनी पडतं, समुद्रातून पायवाट निघते. आणि निष्कर्ष असा की अभ्यासाला अवघड असं काही नाही. वाचलं आणि गप्प बसलो. विष आहे. साप आहे. शेवटी तोच निष्कर्ष आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. तुकोबा गेले १६५० साली. साडेतीनशे वर्षांनी देहूच्या वाण्यानं आळंदीच्या माउलीचा दृष्टान्त उचलला आणि तीन ओळींत बसवला, असं मला तरी वाटतं.

यात उसनवारी म्हणून नाक मुरडण्यासारखं काही नाही. तुकोबांनी आपलं आयुष्य सांगणारा एक अभंग लिहिलाय. त्यात धंदा कसा बुडाला, दुष्काळानं पैसा आणि मान कसा नेला, बायको अन्न अन्न करत कशी गेली, हे सगळं आहे. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. त्याच अभंगात पुढं ते म्हणतात की सुरुवातीला एकादशीला कीर्तन करायचो, पण चित्त अभ्यासात नव्हतं. मग श्रद्धेनं संतांची काही वचनं पाठ केली. पुढं गाणारे जे असत त्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. बघा, अभ्यास हाच शब्द, आणि तो लावलाय स्वतःला. ज्यांच्या नावावर आपण पोरांना झापतो, ते तुकोबा सांगतायत की माझंही सुरुवातीला लक्ष लागत नव्हतं. त्यावर त्यांनी काय केलं? अठरा तास बसले नाहीत. मागच्या रांगेत उभे राहिले आणि ध्रुपद म्हणायला लागले. जेवढं झेपलं तेवढं. पाठ केलेल्या वचनांत ज्ञानेश्वरी असणारच, आणि त्या ज्ञानेश्वरीत बचनागाचं बीज होतं.

आता माउलींच्या त्या भागाकडं परत येऊ, कारण माझ्या व्हिडिओचं सगळ्यात मोठं पाप तिथं उघडं पडतं. विष आणि सापाच्या जरा आधी माउली अभ्यास कसा करायचा ते सांगतात. देव अर्जुनाला म्हणतो (मी माझ्या शब्दांत सांगतो) : तुला मन, बुद्धी, चित्त सगळं माझ्या हाती देता येत नाही ना? मग असं कर. दिवसाचे आठ प्रहर आहेत. त्यांतलं एक निमिष दे मला. पापणी लवायला लागतं तेवढं. त्या निमिषात जे सुख लागेल, तेवढ्यापुरती बाकीची गोडी कमी होईल. शरद ऋतू लागला की नदीचं पाणी हळूहळू ओसरतं तसं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अमावास्येला दिसेनासा होतो तसं.

आठ प्रहरांतलं एक निमिष! आणि मी सांगत होतो अठरा तास. प्रहराच्या हिशोबात सहा प्रहर झाले.

म्हणजे संतांचा अभ्यास हा चंद्राच्या कलेसारखा आहे. रोज एक कला. कालच्यात आणि आजच्यात फरक डोळ्याला दिसत नाही, पंधरा दिवसांनी दिसतो. तुकोबांचा आणखी एक अभंग अभ्यासावर आहे, व्हिडिओवाले बऱ्याचदा दोन्ही एकत्र कालवतात, पण ते वेगळे आहेत. त्यात दृष्टान्त कुठले आहेत? ओलं मूळ खडक भेदतं. दोरानं दगड कापला जातो. विष पचनी पडतं. आणि आईच्या पोटात बाळाला जागा एकाएकी होत नाही. चारही गोष्टींत हिसका कुठंच नाही, आहे तो वेळ. आपल्या जुन्या आडावर जाऊन बघा, काठाच्या दगडावर बोटभर खोल खाचा आहेत. त्या कुणी छिन्नीनं पाडलेल्या नाहीत. आपल्या पणज्या-आज्या रोज दोन घागरी पाणी शेंदायच्या, त्या सुंभाच्या दोराच्या आहेत. आणि मूळ ओलं आहे हेही विसरू नका. सुकं मूळ खडकाला भिडलं तर मोडतं. पोराच्या नडगीचं तेच झालं.

हे मी त्या टेम्पोवाल्यांच्या मुलाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग आता काय करू?" मला काय कळतंय धावण्यातलं! म्हणून शाळेतल्या निवृत्त खेळाच्या सरांकडं त्याला नेलं. सरांनी वही काढली. भरतीत मुलांना धावायचंय सोळाशे मीटर, त्याला वीस गुण. शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. सोळाशेसाठी रोज दहा किलोमीटर डांबरावर कशाला? सर म्हणाले, आधी डॉक्टर सोडतील तेव्हाच. मग पहिला आठवडा नुसतं चालणं. मग मातीच्या मैदानावर एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. दुखलं नाही तरच पुढच्या आठवड्यात थोडं वाढव. दोन दिवस पळालास की एक दिवस पाय मोकळे ठेव, कारण हाड भरून यायचं काम त्या मोकळ्या दिवशी होतं. दुखणं एका बोटाएवढ्या जागेवर टोचायला लागलं तर तो आळस नाही, ती सूचना आहे, थांब. ऐकताना मला वाटलं, सरांनी गाथा वाचलाय की नाही माहीत नाही, पण ते तोळ्याच्या आधीचा गुंजेचा हिशोबच सांगतायत.

आता माझ्या त्या दुसऱ्या ओळीबद्दल, ध्येय आणि यशाच्या शिखराची. ती गाथ्यात कुठंही नाही. हे मी आधीच ओळखायला हवं होतं. शब्द आजच्या निवडणुकीच्या बॅनरवरचे, चाल अभंगाची नाही, आणि मागचापुढचा अभंगच नाही, नुसती सुटी ओळ. फक्त "तुका म्हणे" आहे म्हणून मी विश्वास ठेवला. पण नाममुद्रा हा काही पुरावा नव्हे. ती कुणालाही जोडता येते, आणि काढताही येते. हे दुखणं तुकोबांच्या हयातीतलंच आहे. गाथ्यात सालोमालो नावाच्या माणसावर अभंग आहेत. दुसऱ्याच्या वचनांची मोडतोड करून ती आपली म्हणून खपवतो, अशी तुकोबांची तक्रार आहे. त्याच्याकडं मोबाइल नव्हता एवढाच फरक. तो दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव घालायचा, आपण आपल्या शब्दांवर तुकोबांचं घालतो. मीसुद्धा तेच केलं.

मग खात्री कशी करायची? मी आता करतो ते सांगतो. ओळ आली की आधी विचारायचं, अख्खा अभंग कुठाय? तो मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. अभंग मिळाला की पहिल्या शब्दावरून छापील गाथ्याच्या सूचीत शोधायचा. नुसता अभंग क्रमांक लिहून उपयोग नाही, कारण आवृत्ती बदलली की क्रमांक बदलतो, म्हणून कुठल्या गाथ्यातला तेही लिहायचं. मुंबई सरकारच्या खर्चानं इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत जो गाथा निघाला, विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादन केलेला, त्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. पुढचे सरकारी गाथे त्याच्यावरच आधारलेले आहेत. त्या गाथ्यात असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचाच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही, हस्तलिखितं करणाऱ्यांनीही भर घातलेली असू शकते. पण त्यात नसेल आणि फक्त मोबाइलवर असेल, तर हात जोडून बाजूला ठेवायचं. आणि शेवटी, अभंग कुणाला उद्देशून आहे ते बघायचं. हा अभंग स्पर्धा परीक्षेसाठी लिहिलेला नाही. तो मन आवरू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. पोरांना सांगायला तो वापरू नये असं मी म्हणत नाही, दृष्टान्त सगळ्यांचाच असतो. पण वापरताना एक फरक सांगावा लागेल. मन आवरण्यात जागा मर्यादित नसतात. दुसऱ्याचं मन आवरलं म्हणून माझी जागा जात नाही. भरतीत जागा मोजक्या असतात. तिथं अभ्यास करूनही कुणीतरी राहणारच. "अभ्यास केला की होतंच" असं तुकोबांच्या तोंडी घालून त्या राहिलेल्या पोराला आपण सांगतो की तू कमी पडलास. हे तुकोबा म्हणालेले नाहीत.

मी निघालो तेव्हा आबांनी थांबवलं. "तू एका श्लोकावर थांबलास. पुढचा वाचलास का?" मी वाचला नव्हता. गीतेच्या बाराव्या अध्यायात या जागी एक उतरंड आहे. मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही तर फळ सोडून दे. म्हणजे अभ्यास ही चारांतली दुसरी पायरी. आणि अभ्यास न जमणाऱ्यासाठी माउली काय म्हणतात? रागावत नाहीत. तुझ्या अंगात अभ्यासाचाही कस नसेल, तर तू जिथं आहेस, जसा आहेस, तसाच राहा, असं म्हणतात. तिथूनही वाट आहे, आणि पुढं ती वाट दाखवतात.

मी आबांना म्हटलं, "हे व्हिडिओत घालता येणार नाही. पोरं पळायची थांबतील." आबा म्हणाले, "थांबलेल्या पोरासाठी आहे ते. पळणाऱ्यासाठी आधीचं आहे. तू दोघांनाही एकच डोस दिलास."

काल नवा व्हिडिओ रेकॉर्ड करून सरांना पाठवला. एक मिनिट पंधरा सेकंद झाला. सर म्हणाले, जरा लांबला, आणि त्यात जोश कमी आहे. खरं आहे. त्यात आधी बचनाग आहे, मग साप, मग ती ओळ अख्ख्या अभंगासकट, खाली गाथ्याचं नाव आणि आवृत्ती. अठरा तास काढून टाकले. त्या जागी एवढंच म्हटलंय : आज कालच्यापेक्षा गुंजभर जास्त, आणि दुखलं तर आज थांब. सर टाकतील की नाही, माहीत नाही. जुना व्हिडिओ माझ्या पेजवरून काढलाय, पण तो तुमच्याकडं कुठं फिरताना दिसला तर त्याखाली ही पोस्ट चिकटवा.

टेम्पोवाल्यांचं पोरगं सध्या सकाळी मैदानाला चालत फेऱ्या मारतंय. काल भेटलं तर म्हणालं, "काका, चार फेऱ्या. उद्या साडेचार."

राम कृष्ण हरी.